सशाची मंजुरी

कुणाला काही वाईट सांगायची वेळ आली की अण्णांचा घसा बसायचा. खरोखर बसायचा, ढोंग नव्हे. गळ्याला मफलर गुंडाळून, हातात गरम पाण्याचा पेला धरून ते खुणेनं सांगायचे, 'तूच बोल.' आणि बोलायची वेळ नेहमी तारीखताईवर यायची.

अण्णांची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं. मोठमोठ्या इमारतींत जिना कुठे, तपासणी कुठे, शौचालय कुठे हे सांगणारे फलक ही मंडळी बनवायची. म्हणजे आराखडा इथे व्हायचा, पत्रा गावाबाहेरच्या कारखान्यात कापला जायचा, रंगवून भट्टीत भाजला जायचा, आणि मग शिडीवर चढून भिंतीला लागायचा. गिऱ्हाईक आणि कारखाना या दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांच्या शिव्या खायचं काम ताईचं. तिच्या खुर्चीमागच्या पांढऱ्या फळ्यावर सगळ्या कामांच्या तारखा लिहिलेल्या असत, म्हणून तिला सगळे तारीखताई म्हणत. त्या फळ्यावर हिरव्या शाईत एकच तारीख होती, ती मात्र कामाची नव्हती. महिनाअखेरीस लेक दुसऱ्या शहरात कॉलेजला निघाली होती, आणि तिला वसतिगृहात सोडून, आठवडाभर तिच्यासोबत राहून, तिची गादी, बादली, बँकेचं खातं, सगळं मार्गी लावून यायचं असं ताईनं कबूल केलं होतं. रजा दोन महिन्यांपूर्वी मंजूर झाली होती. अण्णांनी सही करताना डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं.

आता ही रजा म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. ताईचा नवरा जहाजावर. वर्षातले सहा महिने पाण्यावर. त्यामुळे पोरीच्या प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी जी काय हजेरी लावायची ती आईनंच. आणि आई दरवेळी कुठल्या तरी इमारतीत शिडी धरून उभी. दहावीच्या निकालाला ती एका बँकेच्या तळघरात होती. पोरीच्या पहिल्या नाटकाला ती विमा कंपनीच्या सातव्या मजल्यावर बाणाची दिशा तपासत होती. पोरगी कधी रडली नाही, भांडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं ताईला आता वाटायचं. तर या वेळी काही झालं तरी जायचंच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच इस्पितळाचं घोंगडं भिजत पडलं.

मुलांचं इस्पितळ, नवी इमारत, तीन मजले. पुढच्या महिन्याच्या मध्यावर उद्घाटन. कोणी तरी बडे पाहुणे फीत कापायला येणार. इस्पितळ एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं. कारभार त्यांची धाकटी बहीण बघायची, तिला सगळे बाईसाहेब म्हणत. आणि या दोघांच्या वतीनं फोन उचलायला एक व्यवस्थापक होता. प्रत्येक फोनच्या शेवटी तो 'बघतो, कळवतो' म्हणायचा. ताईच्या ऑफिसात त्याचं नावच 'कळवतो' पडलं होतं. 'कळवतोचा फोन आला का?' 'कळवतो आज सुट्टीवर आहे.' असं चालायचं.

आराखडा पाठवून पाच आठवडे झाले होते. एका आठवड्यात फीडबॅक द्यायचा असं करारात लिहिलेलं. फीडबॅक नाही म्हणजे मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणजे कारखान्याला फायली देता येत नाहीत, आणि फायली नाहीत म्हणून कारखान्यानं राखून ठेवलेले दिवस एका शाळेच्या कपाटांना देऊन टाकले होते. कारखानदार म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी मी भट्टी रिकामी पेटवून बसू का?" त्याचंही काही चुकत नव्हतं. पुढची मोकळी जागा तीन आठवड्यांनंतर. तोवर थोडंसं काही असेल तर मध्ये घुसवून देतो, एवढं त्यानं भल्या मनानं कबूल केलं.

आता तुम्ही म्हणाल, इस्पितळवाल्यांनी पाच आठवडे लावले, त्यात या बिचाऱ्यांचा काय दोष? दोष होता. आणि तो दोष जांभळा होता.

अण्णांची एक जुनी खोड होती. धंद्यात वीस वर्षं काढल्यावर त्यांना एक साक्षात्कार झाला होता की गिऱ्हाइकाला काही तरी काढून टाकायला मिळालं नाही तर ते चांगल्या गोष्टीला हात घालतं. म्हणून प्रत्येक आराखड्यात अण्णा मुद्दाम एक ढळढळीत विसंगत गोष्ट घालायला लावायचे. ऑफिसात तिला गालबोट म्हणत. वकिलांच्या ऑफिसच्या फलकांना त्यांनी झालर लावली होती. विमा कंपनीला गुलाबी बाण. गिऱ्हाईक कागद बघायचं, गालबोटावर बोट ठेवायचं, 'हे काय हो? हे काढा!' म्हणायचं, आणि आपण किती बारकाईनं पाहिलं या खुशीत बाकी सगळं मंजूर करून मोकळं व्हायचं. वीस वर्षांत एकदाही हा डाव फसला नव्हता. अण्णा तर नव्या पोरांना शिकवताना म्हणायचे, "बाकी चित्र कसंही काढ, गालबोट मन लावून काढ."

इस्पितळासाठी ऑफिसातल्या चित्रकारानं मन लावूनच काढलं. एक जांभळा ससा. टेंगळासारखं पोट, एक कान खाली, एक वर, पायात एकच बूट. प्रत्येक बाणाशेजारी हा ससा बोट दाखवत उभा. इतका वाह्यात ससा की बघताक्षणी कुणीही म्हणेल, हे काढा. चित्रकार स्वतः हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला होता. अण्णा खूश. "एका दिवसात सही येते बघ," म्हणाले.

पाच आठवडे झाले, कुणी ससा काढा म्हणेना. कुणी काहीच म्हणेना.

ताईनं मेल लिहायला घेतला. साधा, सरळ, चार ओळींचा. आराखड्यावरचा तुमचा फीडबॅक ठरलेल्या दिवशी आला नाही. त्यामुळे कारखान्यातली आपली जागा गेली. उद्घाटनापर्यंत तीनही मजल्यांचे फलक लागणार नाहीत. काय करता येईल ते ठरवायला याच आठवड्यात भेटू. एवढंच. वाचून तिला स्वतःलाच बरं वाटलं. मग तिनं तो नियमाप्रमाणे अण्णांना दाखवला.

अण्णांनी मेल वाचला आणि त्यांचा घसा बसला.

"'आला नाही'?" ते कुजबुजले. "अगं, असं तोंडावर म्हणतात का? 'अद्याप प्रतीक्षेत आहोत' म्हण."

ताईनं बदललं.

"'प्रतीक्षेत' नको. त्यांना वाटेल आपण तगादा लावतोय. 'आपल्या मोलाच्या सूचनांचं आम्ही सदैव स्वागत करतो' असं घाल."

"अण्णा, पण जागा गेली ते तरी?"

"'जागा गेली' काय! काय घर जळालं का? 'कारखान्याच्या वेळापत्रकात काही सुखद बदल संभवतात.'"

"सुखद?"

"बरं, सुखद काढ. 'काही बदल' ठेव. आणि 'लागणार नाहीत' हे तर अजिबात नको. नकारानं सुरू झालेलं बोलणं नकारावरच जातं. 'उद्घाटनाचा मंगल दिवस जवळ येत आहे याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.' बघ कसं छान वाटतं!"

दोन दिवस हा मेल अण्णा आणि ताई यांच्यात ये-जा करत होता. उशीर झाल्याचं सांगणाऱ्या मेलला उशीर होत होता, आणि त्याबद्दल कुणाला मेल पाठवायचा हे ताईला कळत नव्हतं. शेवटी जे बाहेर पडलं त्यात उशीर हा शब्द नव्हता, तारीख नव्हती, भेटायचं आमंत्रणही 'सवडीने' असं होतं. अर्ध्या तासात कळवतोचं उत्तर आलं. त्याच्याकडून इतक्या लवकर उत्तर यायची ही पहिलीच वेळ.

'आपल्या सदिच्छांबद्दल इस्पितळ परिवार आभारी आहे. आपल्यालाही शुभेच्छा.'

ताईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. चित्रकार टेबलाखाली काही तरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"बघ," अण्णा म्हणाले, "संबंध किती चांगले आहेत."

संबंध चांगले होते, तारीख मात्र डोक्यावर येऊन बसली होती. मग अण्णांनी स्वतः बसून योजना केली. मेहनतीनं केली होती, त्याबद्दल शंका नको. रंगीत कागदावर छापून त्यांनी ती ताईपुढे ठेवली. उद्घाटनाची तारीख तीच. तीनही मजले तेच. कारखाना रात्रपाळी करणार, याला कारखानदार अजून हो म्हणाला नव्हता. चित्रकार रविवारी येणार, हे चित्रकाराला माहीत नव्हतं. आणि फलक बसवायचं काम महिनाअखेरीच्या आठवड्यात, ताईच्या देखरेखीखाली.

ताईनं तो आठवडा पुन्हा पाहिला. मग वळून फळ्याकडे पाहिलं.

"अण्णा, ही माझी रजा आहे."

"हो ना," अण्णा अगदी मायेनं म्हणाले. "म्हणून तर म्हटलं, आपल्याकडे अजून एक आठवडा हातात आहे. बाकी कुठेच जागा नव्हती गं. तुझ्या रजेनं वाचवलं आपल्याला."

ताईनं योजना परत अण्णांकडे सरकवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर शिवी बाहेर आली असती. गिऱ्हाइकानं पाच आठवडे खाल्ले, ते गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत, ते तिच्या पोरीच्या ताटातून काढायचे. आणि वर आभारही मानायचे.

दुपारी लेकीचा मेसेज आला. 'आई, तिकीट काढायचंय. तुझं नक्की ना? कोणता दिवस?' आधीचा मेसेज परवाचा होता, तोही हाच. त्याआधी एक होता, रविवारचा. ताईनं तिन्हींकडे पाहिलं. नाही म्हणवेना, हो म्हणायची छाती होईना. 'बघते गं, उद्या कळवते,' असं लिहून तिनं फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती न विचारता इस्पितळात गेली. म्हणजे अण्णांना सांगितलं, पण सवडीनं नव्हे, दारात चप्पल घालताना. अण्णांनी मफलर सावरत रंगीत योजना तिच्या हातात कोंबली. "फक्त गोड बोल. आणि सशाचं काही बोलू नकोस," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ते काढा म्हणाले की लगेच काढू म्हण, चेहरा थोडा पाड."

बैठकीची खोली जुन्या इमारतीत होती. लांब टेबल, त्याच्या एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला बाईसाहेब, मध्ये कळवतो. डॉक्टर सत्तरीचे, उंच, खिशात तीन पेनं. बाईसाहेब ठेंगण्या, चष्मा दोरीला लटकवलेला. दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता बसले होते. कळवतो पाण्याचा ग्लास उगाच इकडून तिकडे सरकवत होता. टेबलाच्या मधोमध आराखड्याचा गठ्ठा आणि त्यावर, एका बुटात उभा, जांभळा ससा.

ताईला एका क्षणात सगळं कळून चुकलं.

"तुम्ही आलात ते बरं झालं," बाईसाहेब म्हणाल्या. "यांना विचारा, हा ससा ठेवायचा की काढायचा. मी पाच आठवडे विचारतेय."

"मी उत्तर दिलंय," डॉक्टर म्हणाले.

"उत्तर म्हणजे हसणं नव्हे, दादा. इस्पितळ आहे हे. लोक जीव मुठीत धरून येतात. त्यांना हे... हे माकड दाखवायचं?"

"ससा आहे तो."

"अजून सशाच्याच गोष्टी करतोयस तू?"

कळवतो ताईकडे झुकून हळूच म्हणाला, "मॅडम, रोज असंच. एक म्हणतात ठेव, एक म्हणतात काढ. मी कुणाचं लिहून पाठवू? माझी पाचावर धारण बसलीये." त्या बिचाऱ्याकडे बघून ताईला पहिल्यांदा त्याची दया आली. पाच आठवडे तिनं त्याच्या नावानं बोटं मोडली होती, आणि हा इथे दोन भावंडांच्या मध्ये भरडला जात होता.

तिच्यासमोर रंगीत योजना होती. काम अगदी सोपं होतं. बाईसाहेबांच्या बाजूनं एक शब्द टाकायचा, चेहरा थोडा पाडायचा, ससा काढायचा, सही घ्यायची, तारीख तीच सांगायची, आणि महिनाअखेरीस इथे येऊन शिडी धरायची. वीस वर्षांचा अनुभव तेच सांगत होता.

"ठेवायचा तरी कशासाठी?" तिनं डॉक्टरांना विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

डॉक्टर जरा अवघडले. "तुमचे कागद आले त्या दिवशी मी एक कागद वॉर्डात घेऊन गेलो होतो. एक पोरगं सुईला घाबरून पलंगाखाली शिरलं होतं. बाहेर येईना. मी कागद जमिनीवर ठेवला, म्हटलं हा कुठे चाललाय सांग. त्यानं पाहिलं. म्हणाला, याचा दुसरा बूट कुठाय? आणि आला बाहेर." त्यांनी कागदावरच्या सशावर बोट टेकवलं. "मी तसा इतर वॉर्डांतही नेला. पोरं बाण बघत नाहीत हो. बाणाचं त्यांना काय? पण याच्यामागे सगळी येतात. तुमच्या त्या अख्ख्या गठ्ठ्यात मुलाला समजणारी एवढी एकच गोष्ट आहे. ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार सांगा."

"मग हे लिहून का नाही कळवलंत?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

"हसतील म्हणून," डॉक्टर म्हणाले. "हिनं तर आधीच..."

बाईसाहेबांना हे सगळं नवीन होतं. भाऊ पाच आठवडे नुसता हट्टाला पेटलाय असंच त्या धरून चालल्या होत्या. "मला नाही सांगितलंस ते बुटाचं," त्या हळूच म्हणाल्या.

ताईला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. तिच्या ऑफिसात त्या सशावर काय हसणं झालं होतं! ती रंगीत योजना तिनं टेबलावर पालथी घातली.

"मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत," ती म्हणाली, "दोन्ही वाईट आहेत. ससा आम्ही घातला तो तुम्ही काढून टाकावा म्हणून. एक वाईट गोष्ट काढली की बाकीचं लवकर मंजूर होतं, म्हणून. आमची पद्धत आहे ती. घाणेरडी पद्धत आहे."

कळवतोचा ग्लास थांबला.

"आणि दुसरं. फीडबॅक पाच आठवडे आला नाही. तुमच्याकडून. त्यामुळे कारखान्यातली आपली जागा गेली. उद्घाटनाच्या दिवशी तीन मजल्यांचे फलक लागणार नाहीत. कुणी कितीही गोड बोललं तरी लागणार नाहीत."

आता हाकलून देतील, काम दुसऱ्याला देतील, अण्णा आठवडाभर गरम पाणी पीत बसतील. पण बोलून झालं होतं, आणि मागे घ्यायला तिच्याजवळ गोड असं काही उरलं नव्हतं.

"मग काय लागेल?" बाईसाहेबांनी विचारलं. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या कागद ओढत होत्या.

ताईनं सांगितलं. तळमजला आणि तातडीचा विभाग एवढे फलक कारखानदार मधल्या वेळात घुसवून देईल, ते उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात बसतील. वरचे दोन मजले उद्घाटनानंतर तीन आठवड्यांनी. तोवर वर छापील कागद चिकटवायचे, जिना आणि बाहेर पडायचा रस्ता मात्र पहिल्याच खेपेत, त्याला कागद चालणार नाही. पण हे सगळं जमायला आज सही हवी. आणि यापुढे सही एकाच माणसाची, कुणाची ते तुम्ही दोघं ठरवा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर आम्ही होकार धरून पुढे जाणार, आणि हे लेखी राहील.

"आणि ससा?" डॉक्टर.

"फलकांवर नको," ताई म्हणाली. हे तिला बोलता बोलताच सुचत होतं. "फलक असतात डोक्याच्या वर. पोरांची मान दुखेल. ससा भिंतीवर खाली लावू, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, चिकटणारा. पत्र्याच्या कामाला त्यानं उशीर होत नाही. आणि बाईसाहेब, मोठ्या माणसांना तो दिसणारही नाही फारसा."

बाईसाहेबांनी भावाकडे पाहिलं. पाच आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच. "सही दादाच करेल," त्या म्हणाल्या. "पण रंग थोडा कमी भडक."

"जांभळाच राहील," डॉक्टर म्हणाले, आणि तिथेच सही करून टाकली.

"आणि पाहुण्यांचं काय?" कळवतोनं घाबरत विचारलं. "ते वरचे मजले बघायला गेले तर?"

"कसे जातील?" बाईसाहेब म्हणाल्या. "लिफ्ट कुठे आलीये अजून? लिफ्टवाला रोज म्हणतो सगळं वेळेत आहे, आणि खड्डा तसाच. आता त्यालाही बोलावून विचारते." मग त्या ताईकडे वळल्या. "पण काय हो, तीन आठवडे उशीर होणार हे साधं वाक्य आधी का नाही सांगितलंत?"

"मेल पाठवला होता."

"तो? आनंद, मंगल दिवस वगैरे? आम्हाला वाटलं शुभेच्छापत्र आहे. आम्ही सूचनाफलकावर लावलंय ते."

ताईला हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा वाक्यासाठी तिनं रात्र रात्र कूस बदलली होती, आणि इथे कुणाला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. नुसतं विचारलं, मग काय लागेल? बस्स. तिला राग आला तो अण्णांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

खाली आल्यावर इस्पितळाच्या पायऱ्यांवर तिनं आधी लेकीला फोन लावला. फलक बसवायचं काम पुढच्या महिन्यात गेलं, रजा वाचली होती. आता हे तिला सांगायचं आणि तिचा आनंद ऐकायचा, एवढंच डोक्यात होतं.

"अगं, मी येतेय!" ती म्हणाली. "नक्की. सगळं मिटलं."

पलीकडून लेक अगदी नीट, समंजस आवाजात म्हणाली, "आई, मावशी येतेय माझ्याबरोबर. काल तिकिटं काढली. काही दिवसांनी मिळाली नसती ना, म्हणून. तुझं कळत नव्हतं."

"पण मी कळवते म्हटलं होतं..."

"हो. तीन वेळा म्हणालीस." आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मावशीनं रजाही घेतलीये. आम्ही सगळं ठरवलंय, गादी आधी तिकडेच घ्यायची, पहिल्या दिवशी बँक. तू काळजी करू नकोस. तुझं काम झालं की ये, पुढच्या महिन्यात वगैरे. काही घाई नाही. तुझ्या सवडीनं."

ताई पायरीवर बसली. बाजूनं एक बाई तापलेलं मूल खांद्यावर घेऊन वर गेली, तिला वाट द्यायला ती सरकली. हा आवाज तिला ओळखीचा होता. गिऱ्हाइकाकडून आता काही यायचं नाही असं कळल्यावर ती स्वतः फोनवर याच आवाजात बोलायची. गोड, रीतसर, आशा सोडलेला. तिच्या पोरीनं आईचा उशीर गृहीत धरूनच आपली योजना केली होती, आणि ती योजना चांगली होती. तिच्यात आईची कुठेच गरज नव्हती.

तिला रडू आलं. भर दुपारी, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, नाक पुसायला रुमाल नसताना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला नाही म्हणायची भीती वाटत होती, आणि हो म्हणायचीही. म्हणून काहीच सांगितलं नाही. मावशीला येऊ दे. मीही येतेय. तिकीट नसलं तर उभी राहून येईन, बसनं येईन. गादी तुम्ही घ्या, मला काही काम देऊ नकोस. मी नुसती तिथे असेन."

फोनमध्ये अण्णांचा दुसरा फोन येऊन वाजू लागला. ताईनं तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

"आई," लेक म्हणाली. आवाज आता तितका समंजस नव्हता, जरासा फाटला होता. "लेखी दे."

ताईनं डोळे पुसले आणि तिथेच पायरीवर बसून टाइप केलं. दिवस लिहिला, वार लिहिला, पोचायची वेळ लिहिली. अण्णांना दाखवायचं नव्हतं, त्यामुळे एका मिनिटात झालं.